पल्स ऑक्सिमीटर बनवताना: प्रकल्प नोंदी

४ जून

बोटाला चिमटा लावला की आकडा दाखवणारं यंत्र बाजारात तयार मिळतंच. मला हवं आहे ते असं यंत्र, जे आकड्यासोबत तो आकडा कशातून आला तेही दाखवेल. त्यासाठी एएफई४४९० ही चिप असलेला बोर्ड, एक साधा मायक्रोकंट्रोलर आणि रुग्णालयात वापरतात तसा बोटाचा प्रोब घेतला आहे. प्रोबच्या एका पाकळीत दोन एलईडी आहेत, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. अवरक्त डोळ्यांना दिसत नाही. समोरच्या पाकळीत एकच फोटोडायोड आहे. त्याला रंग कळत नाहीत, किती प्रकाश पडला एवढंच कळतं. म्हणून दोन्ही एलईडी आळीपाळीने लावावे लागतात.

चिप एका फेरीत चार मोजमापं घेते: लाल लावून, मग दोन्ही विझवून, मग अवरक्त लावून, मग पुन्हा दोन्ही विझवून. विझलेल्या वेळी डायोडवर जो प्रकाश पडतो तो खोलीतला असतो, तो वजा होतो. ही फेरी सेकंदाला शेकडो वेळा होते, त्यामुळे माणसाला एलईडी सतत पेटलेला वाटतो.

दोन रंग लागतात याचं कारण हिमोग्लोबिनमध्ये आहे. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लालभडक दिसतं, कारण ते लाल प्रकाश फारसा शोषत नाही. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन काळपट दिसतं, कारण ते लाल प्रकाश भरपूर शोषतं. सोयीसाठी या नोंदींत पहिल्याला 'भरलेलं' आणि दुसऱ्याला 'रिकामं' म्हणणार आहे. धमन्यांतल्या रक्तातलं किती टक्के हिमोग्लोबिन भरलेलं आहे, म्हणजेच संपृक्तता, तोच यंत्राने दाखवायचा आकडा. ६६० नॅनोमीटरला रिकामं हिमोग्लोबिन भरलेल्याच्या सुमारे दहापट प्रकाश शोषतं. ९४० ला चित्र उलटतं. तिथे भरलेलं जास्त शोषतं, पण फरक दुपटीपेक्षा कमी आहे. या दोहोंच्या मध्ये, ८०० च्या जरा पुढे, दोघंही सारखंच शोषतात.

७ जून

आज स्क्रीनवर पहिली लहर दिसली. दोन्ही रंगांच्या रेषा ठोक्यागणिक किंचित खाली-वर होतात. मूळ पातळीच्या मानाने ही हालचाल जेमतेम एक टक्का आहे, आणि सगळं मोजमाप त्या एका टक्क्यात आहे.

बोटातून प्रकाश जाताना त्वचा, हाड, स्नायू, नख, शिरांतलं रक्त असं सगळंच तो शोषतं. कोणाचं बोट जाड, कोणाचं बारीक. या सगळ्यातून फक्त धमन्यांतल्या रक्ताचा रंग वेगळा कसा काढायचा, हा ऑक्सिमीटर बनवणाऱ्यांसमोरचा जुना प्रश्न होता. उत्तर जपानमधल्या निहोन कोहदेन कंपनीचे अभियंते ताकुओ आओयागी यांना सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सापडलं. ते खरं तर हृदयातून किती रक्त बाहेर पडतं ते रंगद्रव्य टोचून, कानावर प्रकाश टाकून मोजत होते. नाडीमुळे त्यांची रेषा थरथरायची. ती थरथर घालवण्यासाठी त्यांनी दुसऱ्या रंगाच्या प्रकाशाशी गुणोत्तर घेऊन पाहिलं. पण ऑक्सिजन कमी-जास्त झाला की थरथर पुन्हा डोकं वर काढायची. म्हणजे त्या थरथरीतच ऑक्सिजनची माहिती होती. १९७४ मध्ये ही कल्पना जगापुढे आली.

तर्क असा: ठोक्यासोबत बोटात जे रक्त नव्याने येतं ते धमन्यांतलं. बाकी सगळं जिथल्या तिथे असतं. म्हणून हलणारा भाग भागिले स्थिर भाग असा हिशोब प्रत्येक रंगासाठी केला, की बोटाची जाडी, नखाचा थर, एलईडीची ताकद हे सगळं बरंचसं कटून जातं. उरतं ते धमन्यांतल्या रक्ताचं त्या रंगातलं शोषण. मग लालचा भागाकार अवरक्तच्या भागाकाराने भागायचा. या एका संख्येला पुढे 'गुणोत्तर' म्हणतो. यंत्राला शरीराबद्दल एवढंच कळतं. ऑक्सिजन ते कुठेही मोजत नाही.

१२ जून

हिशोबाचा गाभा मायक्रोकंट्रोलरवर चढवला. प्रत्येक ठोक्याचा उच्चांक, नीचांक आणि सरासरी घेतली की काम होतं:

```cpp
float red = (maxRed - minRed) / meanRed;
float ir  = (maxIr  - minIr)  / meanIr;
float ratio = red / ir;
float spo2  = 110.0 - 25.0 * ratio;
```

आज स्वतःच्या बोटावर स्वस्थ बसून घेतलेल्या एका ठोक्याचे आकडे असे. लाल: सरासरी ९८,०००, चढउतार ५१०, म्हणजे ०.५२ टक्के. अवरक्त: सरासरी १,२४,०००, चढउतार १,२९०, म्हणजे १.०४ टक्के. गुणोत्तर ०.५०. सूत्रात घातलं की ११० वजा १२.५, म्हणजे ९७.५ टक्के. शेजारी लावलेलं तयार ऑक्सिमीटर ९७ आणि ९८ मध्ये झुलत होतं.

सूत्रातली एक जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. गुणोत्तर १ झालं, म्हणजे दोन्ही रंगांचा चढउतार सारख्याच टक्क्यांनी झाला, की उत्तर ८५ येतं. या ८५ कडे मी पुढे परत परत येणार आहे.

१५ जून

११० आणि २५ हे आकडे कुठून आले, याचा दिवसभर पाठपुरावा केला. प्रकाश शोषणाचा साधा नियम, बिअर-लँबर्ट, वापरून गुणोत्तर आधीच काढता यायला हवं. तक्त्यात ६६० ला भरलेल्या हिमोग्लोबिनचं शोषण सुमारे ३२०, रिकाम्याचं ३,२२७. ९४० ला भरलेल्याचं १,२१४, रिकाम्याचं ६९३. चारही आकड्यांचं एकक एकच, त्यामुळे थेट भागाकार चालतो.

८५ टक्के भरलेलं रक्त घेऊ. लाल: ०.८५ गुणिले ३२० अधिक ०.१५ गुणिले ३,२२७, म्हणजे ७५६. अवरक्त: ०.८५ गुणिले १,२१४ अधिक ०.१५ गुणिले ६९३, म्हणजे १,१३६. गुणोत्तर ०.६७. पण वरच्या सूत्राप्रमाणे ८५ टक्क्यांना गुणोत्तर १ असतं. ९७.५ टक्क्यांसाठी हाच हिशोब केला तर नियम ०.३३ म्हणतो आणि सूत्र ०.५०. दोन्हीकडे तफावत साधारण दीडपट.

ही तफावत बोटात प्रकाश सरळ जात नाही म्हणून पडते. रक्तपेशी आणि ऊतींवर आपटत, वळणं घेत तो पलीकडे पोहोचतो, आणि लाल प्रकाश अवरक्तपेक्षा लांबची वाट चालतो. ९४० ला ऊतीतलं पाणीही प्रकाश शोषतं, त्यामुळे फार भटकलेले अवरक्त किरण डायोडपर्यंत येतच नाहीत. वाट लांब असली की शोषणही जास्त. साध्या नियमाला या वाटांचा पत्ता नसतो.

म्हणून कोणत्या गुणोत्तराला किती संपृक्तता, हा तक्ता कोणताही उत्पादक कागदावर तयार करत नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांची संपृक्तता पायरीपायरीने साधारण ७० टक्क्यांपर्यंत खाली आणतात. प्रत्येक पायरीवर धमनीतलं रक्त काढून प्रयोगशाळेत तपासतात आणि त्या वेळचं गुणोत्तर त्यासमोर लिहितात. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. ७० च्या खाली कोणाला नेणं धोक्याचं, त्यामुळे तिथून खालचे आकडे रेषा पुढे ओढून काढलेले असतात. ऑक्सिमीटरवर ५८ दिसलं तर त्याचा अर्थ 'खूप कमी' एवढाच घ्यावा. ५८ आणि ६३ मधल्या फरकाला मागे काही मोजमाप नाही.

वैद्यकीय उपकरणांसाठीचा आंतरराष्ट्रीय मानकही ७० ते १०० याच पट्ट्यात यंत्र तपासतो. तिथे एकूण चूक ४ टक्के अंकांच्या आत हवी अशी अट आहे. ही चूक वर्ग-सरासरीने काढतात, म्हणजे साधारण दोन तृतीयांश वेळा आकडा खऱ्याच्या चार अंकांच्या आत असतो, आणि उरलेल्या वेळा बाहेरही असू शकतो. ९३ आणि ९५ यांच्यात एका मोजणीवरून फरक करणं म्हणूनच कठीण आहे. एकाच माणसाचा आकडा तासाभरात कुठून कुठे सरकला, हे त्यापेक्षा भरवशाचं.

२४ जून

हालचालीचा प्रयोग. प्रोब लावून बोटं ठरावीक तालात हलवली. लहरीचा चढउतार एकदम चौपट झाला आणि आकडा ९७ वरून घसरत ८६-८७ च्या आसपास येऊन बसला. श्वास व्यवस्थित चालू, हात गरम, तब्येत उत्तम.

हे गणितातूनच येतं. स्वस्थ असताना लालचा चढउतार ०.५ टक्के, अवरक्तचा १ टक्का. बोट हललं की प्रकाशाची वाटच कमी-जास्त होते, आणि ती दोन्ही रंगांसाठी जवळपास सारख्याच टक्क्यांनी. समजा ती ४ टक्के आहे. नाडी आणि हालचाल यांचा ताल वेगळा, म्हणून त्यांची बेरीज वर्गांनी करायची. लाल: ०.२५ अधिक १६ चं वर्गमूळ, ४.०३. अवरक्त: १ अधिक १६ चं वर्गमूळ, ४.१२. गुणोत्तर ०.९८, आकडा ८५.५. गोंधळ नाडीपेक्षा मोठा झाला की गुणोत्तर १ कडे ओढलं जातं आणि यंत्र ८५ च्या दिशेने चालू लागतं, मग बोटातलं रक्त कसंही असो.

याची दुसरी बाजू मला जास्त गंभीर वाटते. खरी संपृक्तता ७० असेल तर गुणोत्तर १.६ असतं. म्हणजे अवरक्तमध्ये १ टक्का धरला तर लालमध्ये १.६. तोच ४ टक्क्यांचा गोंधळ मिसळा. लाल ४.३१, अवरक्त ४.१२, गुणोत्तर १.०५, आकडा ८४. तळमळणारा, हात झटकणारा रुग्ण खरोखर ७० वर असताना यंत्र ८४ दाखवेल. हालचालीने आकडा खोटा कमी येतो, असं सरसकट मानणाऱ्याची इथे फसगत होईल.

प्रत्यक्षात गोंधळ इतका आखीव नसतो. हात हलला की शिरांतलं रक्तही हिंदकळतं आणि यंत्र त्यालाच नाडी समजतं. ते रक्त कमी भरलेलं, त्यामुळे आकडा आणखी खाली जातो. नव्वदच्या दशकापासून चांगल्या यंत्रांत असा गोंधळ ओळखून वजा करणारी गणितं आली आहेत आणि ती खूप फरक पाडतात. माझ्या यंत्रात ती नाहीत. मी इतकंच केलं आहे की सलग ठोक्यांची उंची किंवा अंतर फार बदललं तर आकड्याऐवजी `--` दिसतं.

वापरणाऱ्यासाठी सोपी खूण: यंत्रावरचा नाडीचा आकडा मनगटावर हाताने मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल, तर संपृक्ततेचा आकडाही सोडून द्यायचा. दोन्ही एकाच लहरीतून निघतात.

२८ जून

थंड बोट. हात गार पाण्यात ठेवून, पुसून प्रोब लावला. अवरक्तचा चढउतार १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला. या टक्केवारीला पर्फ्युजन इंडेक्स म्हणतात, बऱ्याच यंत्रांवर `PI` म्हणून दिसते. थंडीत त्वचेतल्या धमन्या आकसतात, बोटात ठोक्यागणिक येणारं रक्त घटतं. रक्तदाब कोसळला असेल, किंवा धमन्या आकसवणारी औषधं चालू असतील तरी हेच होतं.

इथेही गुणोत्तर १ कडेच सरकतं, फक्त हळू. विद्युत-खुरखुर दोन्ही रंगांत ०.०४ टक्के धरू. लालची नाडी ०.०५, अवरक्तची ०.१. मिसळून लाल ०.०६४, अवरक्त ०.१०८. गुणोत्तर ०.५९, आकडा ९५. मघाशी ९७ होता. दोन अंकांची ही घसरण हाताच्या गारठ्याची. हात चोळून, कापडात गुंडाळून गरम केल्यावर आकडा वर आला. गरम करूनही आला नसता तर मात्र तो गांभीर्याने घ्यावा लागला असता.

त्याच दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधून फुगवली. पट्टीचा दाब धमनीच्या दाबावर गेला त्या क्षणी लहर सपाट. पण माझ्या यंत्राने जुना आकडा पुढचे काही क्षण तसाच धरून ठेवला, कारण आकडा मागच्या आठ ठोक्यांची सरासरी आहे. बाजारातली यंत्रंही सरासरी दाखवतात. त्यात फुप्फुसातून रक्ताला बोटापर्यंत यायला वेळ लागतो, थंड बोटात आणखी जास्त. श्वास अडकला तर बोटावरचा आकडा अर्ध्या मिनिटाहूनही उशिरा खाली येऊ शकतो. आणि श्वास सुरळीत झाल्यावरही तो काही वेळ घसरतच राहतो.

ठरवलं: पर्फ्युजन इंडेक्स ०.२ च्या खाली गेला की आकडा दाखवायचा नाही, फक्त लहर दाखवायची.

३ जुलै

नखांचे रंग आणि उजेड, दोन्ही झटपट तपासले. काळा आणि गडद निळा नेलपॉलिश लावल्यावर लालची मूळ पातळी पडली, आकड्यात एक-दोन अंकांचा फरक. रंग हलत नाही, म्हणून तो बराचसा कटून जातो. प्रोब बोटाच्या बाजूने लावला तर प्रश्नच मिटतो. थेट दिव्याखाली प्रोब सैल लावल्यावर लहर खडबडीत झाली, वरून काळं कापड टाकल्यावर साफ.

६ जुलै

आतापर्यंतच्या सगळ्या बिघाडांत एक दिलासा होता: लहरीकडे पाहिलं की काहीतरी बिघडलंय हे दिसतं. आजची नोंद ज्यांत लहर सुरेख असते अशा बिघाडांची.

बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा जनरेटर चालू राहिला तर कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. असं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेत नाही, पण रंगाने लालभडकच राहतं. ६६० नॅनोमीटरला त्याचं शोषण भरलेल्या हिमोग्लोबिनसारखंच कमी, ९४० ला तर जवळपास नाहीच. दोनच रंग पाहणाऱ्या यंत्राला भरलेलं हिमोग्लोबिन आणि हे, यांत भेद करता येत नाही.

१९८७ मध्ये बार्कर आणि ट्रेम्पर यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात हे थेट मोजलं गेलं. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं हिमोग्लोबिन ७० टक्क्यांवर गेलं, म्हणजे ऑक्सिजनसाठी जेमतेम ३० टक्के उरलं, तरी पल्स ऑक्सिमीटर ९० च्या आसपास दाखवत होता. ढोबळ नियम असा निघाला की यंत्र अशा हिमोग्लोबिनचा नऊ-दशांश भाग ऑक्सिजनने भरलेला धरतं.

माणसाचं उदाहरण घेऊ. धुराच्या खोलीतून बाहेर काढलेला माणूस, डोकं ठणकतंय, मळमळतंय, बोलणं असंबद्ध. त्याच्या रक्तात ३० टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडकडे, ६८ टक्के ऑक्सिजनकडे, २ टक्के रिकामं. यंत्राचा आकडा ६८ अधिक २७, म्हणजे ९५. लहर सुंदर, पर्फ्युजन उत्तम. 'ऑक्सिजन ९५ आहे, झोपू द्या' असं कोणी म्हणालं तर ते जिवावर बेतू शकतं. इथे आकडा न बघता लगेच मोकळ्या हवेत आणायचं, मिळेल तितका शुद्ध ऑक्सिजन द्यायचा आणि रुग्णालय गाठायचं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

यावर एका भूलतज्ज्ञ मॅडमशी बोललो. मी विचारलं, "मग धमनीच्या रक्ताची तपासणी केली की कळेल ना?"

"कुठली तपासणी, ते बघा," त्या म्हणाल्या. "साधं ब्लड गॅस यंत्र रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा दाब मोजतं आणि त्यावरून संपृक्तता गणिताने काढतं. या रुग्णात दाब ठीकच असतो, त्यामुळे तिथेही ९७ छापून येईल. को-ऑक्सिमीटर लावा. ते अनेक रंगांचा प्रकाश वापरतं आणि प्रत्येक प्रकारचं हिमोग्लोबिन वेगळं मोजतं."

११ जुलै

त्याच बोलण्यातून निघालेली दुसरी गोष्ट, मेथेमोग्लोबिनची. हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदललं की ते ऑक्सिजन धरू शकत नाही. बधिर करणारी बेंझोकेन किंवा प्रिलोकेन, कुष्ठरोगावरचं डॅप्सोन, अशा औषधांनी हे होऊ शकतं. हे हिमोग्लोबिन दोन्ही रंगांना जोरदार शोषतं, आणि दोन्हीकडे जवळपास सारखंच. दोन्हीकडे सारखं म्हणजे गुणोत्तर १, आणि गुणोत्तर १ म्हणजे ८५. मेथेमोग्लोबिन वाढत जाताना आकडा आधी घसरतो, मग ८५ च्या आसपास अडकून राहतो, खरी स्थिती कितीही बिघडो.

मॅडमनी ओळखायची रीत सांगितली ती अशी. घशात बधिर करणारा फवारा मारून दुर्बीण घातली, थोड्या वेळाने ओठ निळसर-राखाडी झाले, आकडा ८६. ऑक्सिजन दिला, पूर्ण दिला, आकडा ८६ चा ८६. रक्त काढलं तर तपकिरी, आणि हवेत धरूनही लाल होत नाही. ब्लड गॅसमध्ये ऑक्सिजनचा दाब ३०० च्या वर आणि गणिती संपृक्तता ९९. यंत्राच्या आणि गणिताच्या आकड्यात असं पाचाहून मोठं अंतर पडलं की रक्तात तिसरंच काहीतरी आहे, असं समजून को-ऑक्सिमीटरकडे जायचं.

उपचारातही यंत्र एकदा चकवतं. मेथिलीन ब्लू शिरेतून देतात, किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम. हा निळा रंग नेमका ६६० च्या जवळच प्रकाश शोषतो. औषध शरीरात शिरताच आकडा आणखी कोसळतो, तर तेवढ्यात रुग्ण सुधारत असतो. काही मिनिटांत रंग पातळ झाला की आकडा वर येतो.

माझ्या यंत्रात यासाठी काहीच करता येत नाही. दोन रंगांतून एकच गुणोत्तर निघतं, आणि एका समीकरणातून तीन-चार प्रकारच्या हिमोग्लोबिनची प्रमाणं सोडवता येणार नाहीत. त्यासाठी आणखी रंग लागतात, आणि तसे बोटाचे प्रोब आहेतही, फक्त ते निराळ्या वर्गातले.

१७ जुलै

त्वचेचा रंग. ७ जूनच्या तर्कानुसार याने फरक पडायला नको. मेलॅनिन ठोक्यासोबत हलत नाही, ते स्थिर भागात बसतं आणि भागाकारात कटतं. अनेक वर्षं हेच गृहीत धरलं गेलं, गडद त्वचेवर चूक जास्त येते असं नव्वदच्या दशकापासून काही अभ्यास सांगत असूनही. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरचा अभ्यास आला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत होतं, पण धमनीच्या रक्तात संपृक्तता ८८ च्या खाली होती, असं किती वेळा घडलं ते त्यांनी मोजलं. श्वेतवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के वेळा, कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा.

कटायला हवं ते का कटत नाही याचा एक धागा माझ्या टेबलावरच सापडतो. लाल एलईडी म्हणजे एकच ६६० ची रेषा नव्हे, तिच्या दोन्ही बाजूंना काही नॅनोमीटरचा पट्टा असतो. मेलॅनिन त्या पट्ट्यातल्या छोट्या लहरी जास्त खातं, लांब कमी. म्हणून गडद त्वचेतून पार झालेला लाल प्रकाश सरासरीने ६६० च्या जरा पुढचा असतो. तिथे रिकाम्या हिमोग्लोबिनचं शोषण उतरणीला लागलेलं असतं. शोषण कमी, गुणोत्तर कमी, आकडा फुगलेला. रक्त भरलेलं असताना हे जाणवत नाही, कारण रिकामं हिमोग्लोबिनच नसतं. संपृक्तता घसरली की फुगवटा वाढतो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी.

शिवाय कॅलिब्रेशनच्या स्वयंसेवकांत फिकट त्वचेचे लोक जास्त असतील तर तक्ताच त्यांच्याकडे झुकतो. आणि गडद त्वचेतून डायोडपर्यंत प्रकाश कमी येतो. त्यात बोट थंड असेल तर २८ जूनची खुरखुर आणखी मोठी ठरते.

'गडद त्वचा असेल तर दोन वजा करा' अशी ओळ प्रोग्रॅममध्ये घालावी का, याचा विचार केला आणि ती घातली नाही. ९८ वर चूक जवळपास नसते आणि ८५ वर काही अंकांची असते. एकच आकडा वजा केला तर निरोगी माणूस उगाच घाबरेल आणि आजारी माणसाची चूक तशीच राहील. त्याऐवजी स्क्रीनवर मागच्या सहा तासांची रेषा आणि माणूस बरा असतानाचा त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा, दोन्ही एकत्र दाखवतो आहे. नेहमी ९८ असणारा ९४ वर आला आणि दम लागत असेल, तर ९४ 'चांगला' म्हणून थांबायचं नाही, धमनीचं रक्त तपासून घ्यायचं. यंत्राच्या मागच्या चिठ्ठीवर हेच लिहिलं, आणि त्याखाली धूर, बधिर करणारी औषधं आणि गार हात या तीन गोष्टी.